चेहरा पांढुरका, मान गव्हाळ: नवरीच्या एका फ्लॅश फोटोची दुरुस्ती

गोरज मुहूर्तावरचं लग्न, सांगलीजवळचं एक मंगल कार्यालय. अक्षता पडून गेल्या होत्या, बाहेर पूर्ण अंधार झाला होता आणि नवरीचा एकटीचा, कमरेपासून वरचा फोटो काढला गेला. पिवळी अष्टपुत्री, मोत्यांच्या मुंडावळ्या, नथ, चंद्रकोर, हिरवा चुडा. फोकस अचूक डोळ्यांवर होता आणि हसणं मोकळं होतं. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून सरळ चेहऱ्यावर मारलेला होता. अल्बमचं काम माझ्याकडे आलं तेव्हा घरच्यांनी पहिल्या पानासाठी हाच फोटो निवडला होता. त्यासोबत नवरीचा फोनही आला: "ताई, फोटो मला खूप आवडलाय, पण चेहरा माझा वाटत नाही. पीठ लागल्यासारखा दिसतोय."

तिचं म्हणणं खरं होतं. कपाळाचा मधला भाग, डोळ्यांखालची जागा, नाकाच्या दोन्ही बाजू आणि हनुवटी हे सगळं फिकट, किंचित निळसर पांढरं दिसत होतं. कान, मान आणि हात मात्र तिच्या मूळ गव्हाळ रंगाचे. जबड्याच्या कडेला तर हे दोन रंग जिथे भेटतात ती रेघ स्पष्ट दिसत होती.

असा फोटो आला की बहुतेक जण लगेच उजेड कमी करायला लागतात. मला आधी हे ठरवावं लागतं की पांढरेपणा आला कुठून, कारण चेहरा पांढरा पडण्याची कारणं तीन आहेत आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. एक, फ्लॅश जास्त झाला. दोन, व्हाइट बॅलन्स चुकला, म्हणजे फोटोचा एकूण रंगच थंड झाला. तीन, मेकअपच्या थरानं फ्लॅशचा उजेड पांढरा करून परत फेकला. मेकअपवाल्या मंडळींच्या बोलण्यात याला फ्लॅशबॅक म्हणतात.

मराठी नवरीच्या फोटोत ही तपासणी सोपी होते, कारण कपाळालगतच मोती असतात. मुंडावळ्यांवर पडलेला फ्लॅश आणि कपाळावर पडलेला फ्लॅश एकच. मोती या फोटोत होते तसेच, किंचित साईच्या रंगाचे दिसत होते, निळे पडले नव्हते. म्हणजे व्हाइट बॅलन्स ठीक होता. मग हात पाहिले. हात पुढे जोडलेले होते, कॅमेऱ्याला चेहऱ्यापेक्षा थोडे जवळच, म्हणजे त्यांच्यावर उजेड किंचित जास्तच पडला असणार. तरी बोटांची कातडी आणि मेंदीचा रंग भरदार होता. उजेड जास्त झाला असता तर हात आधी उडाले असते. राहिलं तिसरं कारण.

तरीही खात्री आकड्यांनी करून घेतली. फोटोशॉपच्या Info पॅनलमध्ये कानाजवळच्या गालाचा रंग पाहिला. तिथे फाउंडेशन आहे, पण वरची पावडर जवळजवळ नाही. लाल २०६, हिरवा १६०, निळा १३२. कपाळाच्या मधोमध लाल २२६, हिरवा २०६, निळा १९६. आता हिशोब बघा. नुसता उजेड वाढला असता तर तिन्ही आकडे साधारण एकाच प्रमाणात वाढले असते. लाल २०६ वरून २२६ वर गेला, म्हणजे सुमारे १० टक्के. त्या प्रमाणात हिरवा १७६ आणि निळा १४५ च्या आसपास यायला हवा होता. प्रत्यक्षात ते २०६ आणि १९६ आहेत. म्हणजे रंग उजळलेला नाही, त्यात पांढरा मिसळलेला आहे. पांढऱ्यापर्यंतचं, म्हणजे २५५ पर्यंतचं अंतर मोजलं तर तिन्ही रंगांत ते निम्म्याच्या आसपास आलेलं दिसतं, आणि निळ्यात सगळ्यात जास्त घटलेलं. निळ्याचं हे थोडंसं पुढे असणं उगाच नाही, त्याचं कारण खाली येईल.

मेकअप करणाऱ्या ताईंना फोन केला. त्यांनी सगळं नीट सांगितलं: खाली एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, त्यावर फाउंडेशन, मग डोळ्यांखाली, नाकाच्या बाजूंना, कपाळाच्या मध्यावर आणि हनुवटीवर रंग नसलेली सुटी पावडर जाड लावून काही मिनिटं तशीच ठेवली आणि नंतर ब्रशनं झटकली. पांढऱ्या जागा आणि पावडरच्या जागा तंतोतंत जुळत होत्या. आरशात त्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं आणि दिसणं शक्यही नव्हतं.

पांढरा थर येतो कुठून

दोन पदार्थ मुख्य आहेत. खनिज सनस्क्रीनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं, आणि टायटॅनियम डायऑक्साइड बहुतेक फाउंडेशनमध्येही रंग झाकण्यासाठी घातलेलं असतं. सुट्या पारदर्शक पावडरीत बऱ्याचदा सिलिका असते. हे दोन्ही प्रकाश विखुरतात, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि हा फरक माहीत असला की उपायही आपोआप सुचतो.

एखादा बारीक कण आपल्या आजूबाजूच्या पदार्थापेक्षा प्रकाशाला किती वेगळा वाकवतो, यावर तो किती पांढरा दिसेल हे ठरतं. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक २.५ च्या वर आहे, तेलांचा आणि मेकअपमधल्या सिलिकॉनचा १.४ च्या आसपास. इतका फरक असल्यामुळे ते तेलात बुडलं तरी पांढरंच राहतं. म्हणूनच तर ते रंगात घालतात. त्याचे कण फार बारीक दळलेले असले की ते निळा प्रकाश इतर रंगांपेक्षा जास्त विखुरतात, आणि गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर तो थर निळसर राखाडी दिसतो. आपल्या आकड्यांत निळा पुढे गेला होता तो यामुळे.

सिलिकाचं वेगळं आहे. तिचा अपवर्तनांक सुमारे १.४६, म्हणजे तेलाच्या अगदी जवळचा. तेलात भिजली की ती जवळजवळ दिसेनाशी होते. कोरडी, वर सुटी पडलेली असते तेव्हा मात्र तिच्या कणांभोवती हवा असते आणि हवेचा अंक १. मग ती पांढरी दिसते. जाड लावून नीट न झटकलेली पावडर ही अशी कोरडी सिलिका असते.

आता प्रश्न असा की मेकअपच्या खोलीत हे दिसलं का नाही. तिथे आरशाभोवतीच्या दिव्यांचा आणि खिडकीचा उजेड चारी बाजूंनी येतो, आणि थरानं विखुरलेला उजेडही चारी बाजूंना जातो. त्याचा थोडा भाग डोळ्यापर्यंत येतो आणि तो त्वचेच्या रंगात मिसळून जातो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मात्र लेन्सच्या जवळून, जवळजवळ त्याच रेषेत जातो. कणांनी मागे फेकलेला उजेड सरळ लेन्समध्ये येतो. चेहऱ्यावर सावली जवळपास पडत नाही, त्यामुळे पांढरा थर झाकणारं दुसरं काही उरत नाही. दिवे मंद असलेल्या हॉलमध्ये फोटोतला बहुतेक उजेड फ्लॅशचाच असतो, म्हणून परिणाम आणखी वाढतो.

नुसतं गडद केलं तर

हे सगळं लक्षात घेतलं की नेहमीचे दोन उपाय का फसतात ते कळतं. Highlights किंवा Exposure खाली ओढलं तर पांढरट रंग राखाडी होतो, कारण उजेड कमी झाला तरी पांढऱ्यानं खाल्लेला लाल-पिवळा रंग काही परत आलेला नसतो. नवरी आजारी दिसायला लागते. दुसरा उपाय म्हणजे लेयरची प्रत करून Multiply लावणं. त्यात काजळ, भुवया, ओठ आणि जबड्याची सावली सगळंच गडद होतं आणि पावडरच्या कडा अधिकच उठून दिसतात. मान आणि चेहरा दोन्ही एकदमच खाली जातात, त्यामुळे दोघांतला फरक तसाच राहतो.

तिसरा एक मोह असतो: मानेचा रंग उचलून Color मोडमध्ये चेहऱ्यावर ब्रश फिरवणं. हा मोड फक्त रंग बदलतो, उजेड बदलत नाही. पांढऱ्या कपाळावर गव्हाळ रंग चढवला की ते फिकट नारिंगी, प्लास्टिकसारखं दिसतं. रंग चढवायचा असतोच, पण उजेड जागेवर आणल्यानंतर.

शिवाय मराठी नवरीच्या बाबतीत मानेवरून रंग उचलणं धोक्याचं आहे. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी हळद लागलेली असते आणि ती मानेवर, कानामागे, दंडावर राहते. या फोटोतही मानेला पिवळी झाक होती. तोच रंग चेहऱ्यावर आणला असता तर कावीळ झाल्यासारखं दिसलं असतं. हातांवर मेंदी. म्हणून नमुना घ्यायचा तो कानाजवळच्या गालाचा: तिथे तिचाच मेकअप आहे, फक्त पावडरशिवायचा.

निळ्या चॅनेलचा उपयोग

पांढरा थर चेहऱ्यावर सगळीकडे सारखा नव्हता. कपाळाच्या मध्यावर जाड, केसांकडे विरळ, गालावर तुटक. हातानं मास्क रंगवून हे चढउतार जुळवणं जवळजवळ अशक्य असतं. पण फोटोतच त्याचा नकाशा असतो. Channels पॅनलमध्ये फक्त निळा चॅनेल उघडून पाहा. स्वच्छ गव्हाळ त्वचेत निळा कमी, म्हणून ती तिथे गडद दिसते. पांढऱ्या थरात निळा जास्त, म्हणून तो उजळ दिसतो. पावडर नेमकी कुठे आणि किती आहे हे कृष्णधवल चित्रात समोर येतं. लाल चॅनेलमध्ये हेच पाहिलं तर चेहरा जवळपास एकसारखा दिसतो, फरकच कळत नाही.

Ctrl दाबून निळ्या चॅनेलच्या छोट्या चित्रावर क्लिक केलं की त्याची निवड तयार होते. त्या निवडीसह Curves लेयर घेतला की ती मास्क बनून बसते. मग मास्कवर Levels (Ctrl+L) चालवून काळी बाजू १३५ च्या जवळ आणि पांढरी बाजू १९५ च्या जवळ आणली. त्यानं मान आणि कानाजवळचा गाल मास्कमध्ये काळे झाले, कपाळ पांढरं राहिलं आणि मधल्या जागा मधल्या राहिल्या. इथे अष्टपुत्रीनं मदत केली. पिवळ्या साडीत निळा नसतोच, त्यामुळे साडी मास्कमधून आपोआप गळाली. लाल ओठ आणि कुंकवाची चंद्रकोरही तशीच. उरले मोती, नथ, दात आणि डोळ्यांचा पांढरा भाग. हे निळ्या चॅनेलमध्ये उजळ असतात, म्हणून मास्कवर काळ्या ब्रशनं ते बाहेर काढले. हे काम सावकाश करावं लागतं. एक मोती राहून गेला तर तो नंतर तपकिरी होऊन बसतो. शेवटी मास्क थोडा धूसर केला, नाहीतर त्वचेचा बारीक पोतही मास्कमध्ये येतो आणि दुरुस्तीनंतर चेहरा सपाट दिसतो.

मग Curves मध्ये तिन्ही रंग वेगवेगळे खाली आणले. लाल वक्रावर २२६ च्या जागी २०६, हिरव्यावर २०६ च्या जागी १६०, निळ्यावर १९६ च्या जागी १३२. म्हणजे लाल अगदी थोडा, हिरवा त्याहून जास्त, निळा सगळ्यात जास्त. थर जितका जाड तितका मास्क उजळ, आणि तितकाच बदल जास्त. कपाळ लगेच कानाजवळच्या गालाशी जुळलं आणि राखाडी झालं नाही.

इथे एक अडचण येते. वक्र इतका खाली ओढला की त्याच्या वरच्या टोकाला चढ उभा होतो आणि तिथले बारीक फरक मोठे होऊन दिसतात. डोळ्यांखाली, जिथे पावडर सगळ्यात जाड होती, तिथे नेमकं तसं झालं: ठिपके, चट्टे. त्यावर पहिल्या लेयरचा जोर, म्हणजे Opacity, ७० टक्क्यांवर आणला. झालेल्या चित्रावरून निळ्या चॅनेलचा मास्क पुन्हा नव्यानं घेतला आणि दुसरा, हलका Curves लेयर फक्त उरलेल्या पांढऱ्यासाठी चालवला. दोन सौम्य हात एका जोरदार हातापेक्षा नेहमी स्वच्छ बसतात. त्यानंतर जे किरकोळ तुटक राहिलं, त्यासाठी Color मोडचा रिकामा लेयर, गालाचा नमुना आणि १० टक्के Flow चा मऊ ब्रश. आता उजेड जागेवर असल्यामुळे रंग चढतो तो त्वचेसारखाच दिसतो.

नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर एका जागी खरी चमक होती, पावडरची नाही. ती ठेवायची असते. सगळी चमक मारली तर चेहरा मातीचा दिसतो. त्यासाठी लेयरच्या Blend If मध्ये Underlying Layer चा उजवा त्रिकोण Alt दाबून दुभागला आणि २४० ते २५२ च्या दरम्यान ठेवला, म्हणजे अगदी उजळ ठिपक्यांना Curves हात लावत नाही. कॅमेरा रॉमध्ये Alt दाबून Whites ओढल्यावर आधीच दिसलं होतं की नाकाच्या शेंड्यावर लाल चॅनेल २५५ ला टेकलाय. तिथे परत आणायला काही उरलेलंच नव्हतं, त्यामुळे तो ठिपका तसाच ठेवला.

किती खाली आणायचं, हा प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे. घरातल्या एका काकूंनी फोनवर सुचवलं, "थोडी गोरी राहू दे, लग्नाचा फोटो आहे." मी नवरीला विचारलं, कारण चेहरा तिचा आहे. तिला तिचा मेकअप हवा होता, पावडर नको होती. तिनं फाउंडेशन आपल्या रंगापेक्षा एक छटा उजळ निवडलं होतं, तर ती एक छटा मी जपली आणि त्यावर चढलेला पांढरा थर तेवढा काढला. जबड्याची रेघ त्यानं आपोआप विरघळली. मानेची हळद काढली नाही.

छापण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. फोटो लहान करून, हाताच्या बोटाएवढा, पाहिला: चेहरा आणि हात एकाच माणसाचे वाटतात का? मग मोत्यांचे आकडे पुन्हा पाहिले, ते हलले नव्हते. १२ बाय ३६ च्या पानाआधी लॅबकडून एक छोटी प्रिंट मागवली, कारण पडद्यावर नीट दिसणारी गव्हाळ त्वचा कागदावर बऱ्याचदा एक पायरी गडद उतरते. इथे उतरलीच. पूर्ण फोटो किंचित उजळ केला आणि मग पान छपाईला गेलं.

हे सगळं रॉ फाइल असल्यामुळे जमलं. त्याच लग्नातले पाहुण्यांनी मोबाइलवर फ्लॅश मारून काढलेले काही फोटोही अल्बमात हवे होते. जेपेगमध्ये रंगांची माहिती आधीच आकसलेली असते आणि निळा चॅनेल चौकोनी तुकड्यांनी भरलेला असतो. तिथून घेतलेला मास्क तसाच वापरला तर कपाळावर चौकोन उमटतात. मास्क बराच धूसर करून निम्म्या जोरानं दुरुस्ती करावी आणि तेवढ्यावर थांबावं. असे फोटो लहान छापले की चालून जातात.

फोटोग्राफर आणि मेकअपच्या ताई दोघं पुढच्या लग्नातही एकत्र होते, तेव्हा आमचं त्यावर बोलणं झालं. मेकअप झाल्यावर खोलीतले दिवे बंद करून मोबाइलच्या फ्लॅशनं, साधारण हातभर अंतरावरून एक फोटो काढायचा, ही त्यांची नवी पद्धत. लेन्सच्या शेजारचा तो छोटा फ्लॅश आरशाला न दिसणारं सगळं दाखवतो. पांढरं दिसलंच तर पावडरवर आणखी पावडर लावायची नाही. मोठ्या कोरड्या ब्रशनं सुटी पावडर झटकायची, सेटिंग स्प्रे मारायचा आणि ओलसर स्पंजनं दाबून बसवायचं. कणांमधली हवा गेली की सिलिका दिसेनाशी होते. सनस्क्रीनमधल्या टायटॅनियमवर याचा उपयोग होत नाही, म्हणून संध्याकाळच्या लग्नाला खनिज सनस्क्रीनच टाळायचं आणि सुट्या पावडरीत त्वचेच्या रंगाची छटा असलेली घ्यायची.

फोटोग्राफरनं फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला. छताकडे वळवून पाहिला, पण मांडवाचं कापड लाल-पिवळं होतं आणि चेहऱ्यावर तोच रंग आला. म्हणून स्टँडवर सॉफ्टबॉक्स, नवरीच्या एका बाजूला सुमारे ४५ अंशांवर, डोळ्यांच्या थोडा वर. आयएसओ १६०० आणि शटर १/१०० ठेवल्यानं हॉलचे दिवेही फोटोत आले आणि फ्लॅशचा जोर बराच कमी करता आला. हॉलचे दिवे पिवळे होते, त्यामुळे फ्लॅशवर नारिंगी जेलचा तुकडा लावला, नाहीतर चेहरा पांढरा आणि मागची आरास पिवळी अशी फाटाफूट झाली असती. त्या नवरीच्या फोटोंत निळा चॅनेल उघडून पाहिला, तर डोळ्यांखाली किंचित उजळ पट्टा होता, तेवढाच. Curves चा एक हलका लेयर त्याला पुरला.